निकालाआधी स्ट्रँगल घ्यायचा तर जवळचा, लांबचा की सरळ स्ट्रॅडल? निफ्टी नेमका किती हलायला पाहिजे

बजेट, निवडणुकीचा निकाल असलं काही जवळ आलं की आमच्याकडं बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत जिथं दोन ट्रेडर चहाला उभे असतात तिथं एकच वाक्य ऐकू येतंय, "वर तरी जाईल नायतर खाली तरी जाईल, दोन्हीकडचं घेऊन ठेवू की." उद्यमबागेत मशीन शॉपला काम करणारा माझा भाचा परवा हेच घेऊन आला. हातात चाळीस हजार, ते गेले तरी चालतील म्हणतोय, आणि विचारतोय काय की मामा, जवळचं घेऊ, लांबचं घेऊ, का दोन्ही एकाच स्ट्राइकचं घेऊ. त्याला कागदावर जे मांडून दिलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न विचारणारे भरपूर आहेत आणि उत्तरात लोक फक्त पेऑफचं चित्र दाखवून मोकळे होतात. ते चित्र एक्स्पायरीच्या दिवसाचं असतंय, आणि निम्मा घोळ तिथंच होतोय.

आधी एका ओळीत: आजच्या भावापेक्षा वरचा कॉल आणि खालचा पुट, एकाच एक्स्पायरीचे, दोन्ही विकत घेतले की झाला लाँग स्ट्रँगल. दोन्ही एकाच स्ट्राइकचे, म्हणजे आजच्या भावाचे, घेतले की स्ट्रॅडल. दोन्हीत जास्तीत जास्त नुकसान म्हणजे भरलेला प्रीमियम, किरकोळ खर्च सोडला तर त्याच्या वर एक रुपया जात नाही, मार्जिन लागत नाही. म्हणूनच नोकरी करणाऱ्याला हे बरं वाटतंय, ते चूक पण नाही.

आता उदाहरण घेऊ, आकडे समजण्यासाठी बनवलेले आहेत पण हिशेब खरा आहे. निफ्टी बरोबर २५,००० वर आहे. बुधवारी दुपारी घ्यायचं, गुरुवारी निकाल, आणि एक्स्पायरी पुढच्या मंगळवारी, म्हणजे हातात सहा दिवस. मोठा निकाल असल्यामुळं त्या आठवड्याच्या ऑप्शनची आयव्ही, म्हणजे निफ्टी किती हलेल याचा बाजारानं प्रीमियममध्ये धरलेला अंदाज, २२ टक्क्याला जाऊन बसलीय, एरवी ती १३ च्या आसपास असते असं धरू. लॉट सध्या ६५ चा आहे, तो मधनंमधनं बदलत असतोय, घेताना बघून घ्या.

| | स्ट्रॅडल (२५,०००) | जवळचा स्ट्रँगल (२४,७०० पुट / २५,३०० कॉल) | लांबचा स्ट्रँगल (२४,२०० पुट / २५,८०० कॉल) |
|---|---|---|---|
| दोन्ही मिळून प्रीमियम | ५६३ | ३१५ | ९२ |
| एका लॉटला पैसे | ३६,५९५ | २०,४७५ | ५,९८० |
| एक्स्पायरीला बरोबरीत यायला | ५६३ पॉइंट | ६१५ पॉइंट | ८९२ पॉइंट |
| निकालाच्या दिवशीच विकून बरोबरीत यायला | ५३५ पॉइंट | ५५५ पॉइंट | ६६० पॉइंट |

तिसरी ओळ कशी आली ते सगळ्यांना माहीत असतंय. कॉलच्या स्ट्राइकमध्ये दोन्हीचा मिळून प्रीमियम मिळवायचा, पुटच्या स्ट्राइकमधून तोच वजा करायचा. जवळच्या स्ट्रँगलला २५,३०० अधिक ३१५ म्हणजे २५,६१५, खाली २४,७०० वजा ३१५ म्हणजे २४,३८५. बरेच जण इथं एक चूक करतात, ते कॉलच्या स्ट्राइकमध्ये फक्त कॉलचा प्रीमियम मिळवतात आणि म्हणतात २५,४५५ ला सुटलो. नाही, पुटचे पैसे पण गेलेले असतात, ते पण कॉललाच भरून काढायचे असतात. वर ब्रोकरेज, एसटीटी, भावातला फरक असं चार ऑर्डरींचं मिळून तीनचार पॉइंट धरा.

आता नुसत्या दुसऱ्या ओळीकडं बघितलं तर लांबचा लई स्वस्त वाटतोय. सहा हजारात काम, आणि एका स्ट्रॅडलच्या पैशात सहा लॉट येतात. भाच्याचा डोळा त्याच्यावरच होता, आणि बहुतेकांचा तिथंच असतो. पण त्या ९२ पॉइंटमागं ८९२ पॉइंटची अट आहे, म्हणजे साडेतीन टक्क्याच्या वर. स्ट्रॅडलला सव्वादोन टक्के, जवळच्याला अडीच टक्के पुरतात. म्हणजे स्ट्रॅडलवरनं जवळच्या स्ट्रँगलवर आलात तर पैसे जवळपास निम्म्यावर येतात आणि अट फक्त ५२ पॉइंटनं वाढते, हा सौदा बरा आहे. पण जवळच्यावरनं लांबच्यावर गेलात की अट आणखी २७७ पॉइंटनं वाढते. स्ट्राइक लांब सरकवताना प्रीमियमची बचत आधी भरपूर होते, पुढं पुढं कमी होत जाते, आणि बरोबरीत यायचा भाव, म्हणजे ब्रेकइव्हन, मात्र स्ट्राइकच्या मागं मागं पळत सुटतो. कुठपर्यंत लांब जायचं हे ठरवायला मला हीच गोष्ट सगळ्यात कामाची वाटते.

पण खरी गंमत चौथ्या ओळीत आहे, आणि तीच कुणी काढून बघत नाही.

निकाल लागला की अनिश्चितता संपते, मग २२ ची आयव्ही खाली यायला दिवस लागत नाहीत, तास लागतात, कधी कधी तेवढे पण नाही. जवळचा स्ट्रँगल घेऊन तुम्ही गुरुवारी दुपारी बघताय, पाच दिवस उरलेत, आयव्ही १३ ला आली. निफ्टी जिथल्या तिथं २५,००० वर असला तर ३१५ चा माल ९३ ला आला, एका लॉटमागं चौदा हजार चारशे गेले. ते एक वेळ समजतंय, हललंच नाही तर जाणारच. पण निफ्टी ३०० पॉइंट वर गेला, तुमचा २५,३०० चा कॉल अगदी पैशात येऊन टेकला, टीव्हीवर जोरदार तेजी म्हणून ओरडायलेत, आणि तुमच्या स्क्रीनवर दोन्ही मिळून १६१ दिसतंय. तीनशे पॉइंट हलून दहा हजाराचं नुकसान. इथं नवीन माणूस ब्रोकरला शिव्या घालतोय, ॲप खराब आहे म्हणतोय. ॲप बरोबर असतंय.

आयव्ही जर २२ लाच राहिली असती तर त्याच जवळच्या स्ट्रँगलला दुसऱ्या दिवशी बरोबरीत यायला साधारण ३०० पॉइंट पुरले असते. आयव्ही १३ ला आली म्हणून ५५५ लागतात. म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि ही वाढलेली अट तुम्ही घेताना स्क्रीनवर कुठंच लिहिलेली नसते.

मग हे आधी कसं काढायचं? अवघड काही नाही. ऑप्शन चेनमध्ये आयव्हीचा कॉलम असतोय. तुमच्या एक्स्पायरीची आयव्ही बघा, मग त्याच निफ्टीच्या पुढच्या, नायतर त्याच्या पुढच्या महिन्याची बघा. आठवड्याची २२ आणि लांबच्या महिन्याची १४-१५ असली तर मधला फरक म्हणजे निकालाचा भाव, आणि निकाल झाला की आठवड्याची आयव्ही साधारण त्या लांबच्याकडं घसरणार असं धरायचं. मग कुठलाही फुकटचा ऑप्शन कॅल्क्युलेटर उघडून दिवस एक कमी करायचा, आयव्ही १३-१४ टाकायची आणि निफ्टीचा आकडा वरखाली करत दोन्हीची बेरीज ३१५ कधी होते ते बघायचं. पाच मिनिटाचं काम आहे. हे न करता स्ट्रँगल घेणं म्हणजे तिकिटावरचं गाव न वाचता बसमध्ये चढणं.

याच आकड्यातनं आणखी एक निघतंय. आधी सहा दिवस २२ नं आणि नंतर पाच दिवस १३ नं, यातला फरक काढला तर बाजारानं त्या एका निकालासाठी सरासरी पावणेपाचशे पॉइंटची हालचाल आधीच धरलेली दिसते. आणि तुम्हाला बरोबरीत यायला ५५५ पाहिजेत. म्हणजे नुसतं "मोठी हालचाल होणार" एवढं मत असून चालत नाही, बाजाराला जेवढी मोठी वाटतेय त्याच्यापेक्षा मोठी होणार असं मत पाहिजे, आणि तसं का वाटतंय याचं कारण पाहिजे. भाच्याला हे विचारलं तर म्हणाला, "मामा, सगळेच म्हणालेत मोठं हलणार." सगळे म्हणालेत म्हणूनच २२ झालीय बाबा.

तिघांची एकाच दिवसाची परीक्षा घेऊ. गुरुवारी निफ्टी ४०० पॉइंट हलला, म्हणजे १.६ टक्के, तसा बरा मोठा दिवस. स्ट्रॅडल ५६३ चा ४५७ झाला, म्हणजे १९ टक्के तोटा. जवळचा ३१५ चा २१२, तेहतीस टक्के तोटा. लांबचा ९२ चा २९, एकोणसत्तर टक्के तोटा. आणि स्वस्त म्हणून लांबचे सहा लॉट घेतलेल्या माणसाचे साडेचोवीस हजार गेले, तर स्ट्रॅडलवाल्याचे सात हजाराच्या आत. आता ९०० पॉइंट हलला असं धरा. त्याच दिवशी विकलं तर स्ट्रॅडलला साठ टक्के फायदा, जवळच्याला त्र्याण्णव टक्के, लांबच्याला सव्वाशे टक्के. इथं लांबचा जिंकला. पण तोच लांबचा मंगळवारपर्यंत धरून बसलात आणि निफ्टी त्याच ९०० वर राहिला तर शंभर पॉइंट मिळाले, ब्याण्णव भरलेले, वर खर्च, हातात जवळपास काहीच नाही. म्हणून लांबचा स्ट्रँगल हा धरून ठेवायचा मालच नाही. तो घेतला तर निकालाच्या दिवशीच, धक्का बसलेला असताना, आयव्हीत थोडी जान असताना विकायचा, नायतर घेऊच नये.

हे सगळं कागदावरचं झालं, आता २०२४ च्या जूनचा आठवडा बघा, माझ्या मते स्ट्रँगल शिकायला यासारखा दुसरा आठवडा नाही. शुक्रवार ३१ मे ला निफ्टी २२,५३१ ला बंद झाला. शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले, सोमवारी ३ जूनला बाजार उसळून २३,२६४ ला बंद, एका दिवसात सव्वातीन टक्के वर. मंगळवारी ४ जूनला मतमोजणी, बहुमताचा आकडा एका पक्षाला गाठता येईना असं दिसायला लागल्यावर निफ्टी दिवसात २१,२८१ पर्यंत खाली जाऊन २१,८८४ ला बंद झाला, जवळपास सहा टक्के पडझड. बुधवारी परत २२,६२०. आणि गुरुवारी ६ जूनला, तेव्हा एक्स्पायरी गुरुवारी असायची, २२,८२१.

आता शुक्रवारी ज्यानं २२,००० चा पुट आणि २३,००० चा कॉल घेतला त्याचं काय झालं बघा. सोमवारी त्याचा कॉल २६४ पॉइंट पैशात होता. मंगळवारी दिवसा त्याचा पुट सातशे पॉइंटच्या वर पैशात गेला. आणि गुरुवारी एक्स्पायरीला दोन्ही शून्य. तीन दिवसात दोन्हीकडं तुफान हालचाल, निकाल सगळ्यांच्या अंदाजाबाहेरचा, आणि धरून बसलेल्याला एक रुपया नाही. सोमवारी संध्याकाळी घेणाऱ्याचं पण तसंच, समजा २२,८०० चा पुट आणि २३,७०० चा कॉल. मंगळवारी बंद होताना पुट नऊशे सोळा पॉइंट पैशात, गुरुवारी निफ्टी २२,८२१, पुट शून्य. एकवीस पॉइंटनं हुकला.

म्हणून "किती हलायला पाहिजे" या प्रश्नाला "कधीपर्यंत" जोडल्याशिवाय अर्थ नाही. एक्स्पायरीचा ब्रेकइव्हन सांगतोय की त्या दिवशी शेवटी निफ्टी कुठं असला पाहिजे. मधी तो कुठं जाऊन आला याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आणि निकालानंतर बाजार अर्ध्या वाटेनं परत येतोय हे नवीन नाही. २३ मे २०१९ ला मतमोजणीच्या दिवशी निफ्टीनं पहिल्यांदा १२,००० ओलांडला, आदल्या दिवशीच्या बंदपेक्षा तीनशे पॉइंट वर गेला, आणि बंद झाला ११,६५७ ला, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा ८१ पॉइंट खाली. निकाल अपेक्षेप्रमाणंच होता, त्यामुळं बाजारातली भीती मोजणारा व्हिक्स पण धपकन पडला. सकाळी ज्यानं विकलं त्याचं थोडंफार निघालं असेल, दुपारी बघू म्हणणाऱ्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

बजेटचं वेगळं आहे. २०२० पासून २०२५ पर्यंत सात बजेट झाली, २०२४ ची दोन धरून. त्यातल्या फक्त दोन दिवशी निफ्टी दोन टक्क्याच्या वर हलून बंद झाला, १ फेब्रुवारी २०२० ला अडीच टक्के खाली आणि १ फेब्रुवारी २०२१ ला पावणेपाच टक्के वर. २०२२ ला १.४ टक्का वर. बाकी चारी दिवशी बंदचा फरक पन्नास पॉइंटच्या आत. २३ जुलै २०२४ चा दिवस तर मजेशीर, भांडवली नफ्यावरचा कर वाढवल्याचं ऐकून निफ्टी दिवसात चारशे पॉइंटच्या वर आपटला आणि बंद झाला तीस पॉइंट खाली. म्हणजे बजेटच्या दिवशी स्ट्रँगल असला तर भाषण चालू असतानाच स्क्रीनसमोर बसायला पाहिजे, शिफ्ट सोडून. भाच्याला विचारलं, त्या दिवशी सुट्टी टाकणार का? गप्प बसला.

आणि एक आपल्याकडचं सांगतो, कारण इथले लोक यात नेहमी फसतात. आपल्याला जो निकाल मोठा वाटतोय तो निफ्टीला मोठा असेलच असं नाही. मे २०२३ ला कर्नाटक विधानसभेचा निकाल होता, बेळगाव, खानापूर, चिकोडी सगळीकडं दुसरं बोलणंच नव्हतं, इथं सरकार बदललं. निकाल लागला शनिवारी १३ तारखेला, बाजार बंद, आणि सोमवारी निफ्टी ८४ पॉइंट वर, अर्धा टक्का पण नाही. आपल्या गल्लीत फटाके वाजले म्हणून दलाल स्ट्रीट हलत नाही. दुसरं म्हणजे बाजार बंद असताना निकाल लागला तर तुम्हाला मधी विकायची संधीच नाही, जे काही व्हायचं ते सोमवारी सकाळी सव्वानऊला एका झटक्यात होतंय, आयव्ही पण त्याच झटक्यात पडते, आणि दोन दिवसाची झीज पण त्यातच.

आता ज्यांना वाटतंय की आम्ही हुशार आहोत, निकालाच्या दहा दिवस आधी आयव्ही कमी असतानाच घेऊन ठेवू आणि आदल्या दिवशी आयव्ही चढली की विकून मोकळं, निकालाची भानगडच नको. ऐकायला एक नंबर. हिशेब करून बघू. तीच मंगळवारची एक्स्पायरी, तोच २४,७०० / २५,३०० चा स्ट्रँगल, पण एक्स्पायरीच्या सोळा दिवस आधी. निकालाचा दिवस त्या एक्स्पायरीच्या आत येतोय हे बाजाराला तेव्हा पण माहीतच असतंय, त्यामुळं त्याचा भाव आधीच प्रीमियममध्ये घातलेला असतोय. फक्त तो पंधरा साध्या दिवसांत मिसळलेला असल्यामुळं सरासरी आयव्ही १७ दिसते. साधे दिवस गळत जातात तसा निकालाचा वाटा मोठा दिसायला लागतो आणि आयव्ही २२ होते. पण स्ट्रँगलचा भाव? एक्स्पायरीच्या सोळा दिवस आधी साधारण ४४८, निकालाच्या आदल्या दिवशी ३१५. आयव्ही पाच टक्क्यानं चढली आणि तुमचे १३३ पॉइंट गेले. आयव्हीचा आकडा वाढतोय म्हणजे आपला माल महाग होतोय असं नाही. हा डाव तेव्हाच चालतोय जेव्हा बाजारानं आधी निकालाला कमी लेखलेलं असतंय आणि मधल्या दिवसांत भीती खरोखर वाढते, नायतर निफ्टीच मधी बराच सरकतो. तसं कधी कधी होतंय, पण दर वेळी होतंय म्हणून धंदा मांडण्यासारखं नाही.

बरं मग घ्यायचं काय? माझं मत सांगतो, मी कुणी नोंदणीकृत सल्लागार नाही, शेअर बाजारात बऱ्याच वर्षांपासून असलेला माणूस आहे एवढंच. आणि सेबीनं २०२४ ला काढलेला आकडा आधी डोक्यात ठेवा, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ मध्ये उतरलेल्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात होते.

ज्याला निकालाच्या दिवशी स्क्रीनसमोर बसता येतंय, आणि हालचाल अडीच टक्क्याच्या आसपास नायतर वर जाईल असं कारणासकट वाटतंय, त्याला मी जवळचा स्ट्रँगल सांगेन, आजच्या भावापासून एक ते सव्वा टक्का लांबचे स्ट्राइक. तेवढ्यापर्यंत पैसे वाचतात आणि ब्रेकइव्हन फार पळत नाही. ज्याच्याकडं पैसे जास्त आहेत आणि मध्यम हालचालीत कमी मार खायचा आहे त्यानं स्ट्रॅडल, कारण काहीच हललं नाही तरी उदाहरणातल्या स्ट्रॅडलचे निम्म्याहून जास्त पैसे दुसऱ्या दिवशी शिल्लक असतात, जवळच्या स्ट्रँगलचे तीस टक्केच उरतात, लांबच्याचं तर फक्त पाच टक्के. लांबचा स्ट्रँगल फक्त त्यानं घ्यावा ज्याला ४ जून २०२४ सारखा दिवस येईल असं वाटतंय, आणि त्यानं पण एकच लॉट, स्वस्त आहे म्हणून सहा नाही. ज्याला दिवसा बघायलाच मिळत नाही त्यानं आठवड्याचा स्ट्रँगल घेऊच नये, कारण त्याला फक्त एक्स्पायरीचा ब्रेकइव्हन उरतो, म्हणजे सगळ्यात लांबची अट. आणि आठवड्याची आयव्ही लांबच्या महिन्याच्या दीडपटीच्या बरीच वर गेली असेल तर मी स्वतः बघत बसणं पसंत करतो, एवढा महाग निकाल विकत घेण्यात मजा नाही.

भाच्याचं शेवटी असं ठरलं. निकालाच्या दिवशी सुट्टी मिळाली तर जवळच्याचा एक लॉट, वीस हजार, बाकीचे वीस बँकेत. सुट्टी नाही तर काही नाही. घेताना दोन्हीला लिमिट ऑर्डर, कारण निकालाच्या आदल्या दुपारी लांबच्या स्ट्राइकमध्ये घ्यायच्या आणि द्यायच्या भावात बरंच अंतर पडलेलं असतंय, मार्केट ऑर्डर टाकली तर तिथंच पाचसहा पॉइंट जातात. विकताना सकाळची पहिली दहा मिनिटं हात लावायचा नाही, भाव वेडेवाकडे असतात, पण त्यानंतर बेरीज ३१५ च्या वर चांगली गेलेली असली तर जिंकणारी बाजू विकून टाकायची, दुपारची वाट बघायची नाही. हरलेली बाजू तेव्हा दोनपाच रुपयाला आलेली असते, ती विकून काही हाताला लागत नाही, ती तशीच ठेवली तर चालतंय, २०२४ सारखा बाजार उलटा फिरला तर तिचं काहीतरी होईल. आणि दुपारी अडीचपर्यंत निफ्टी दोन्हीकडं दीडशे पॉइंटच्या आतच घुटमळत असला तर जे शंभरएक उरलेत ते काढून घ्यायचे. मंगळवारपर्यंत आशेवर ठेवले तर त्यातला बराचसा भाग शनिवार-रविवारच खाऊन जातात.